वीसच्या आधीची अकरा

महिन्याच्या दोन-तीन तारखेला दुकानदाराच्या फोनवर करसल्लागाराचं एक चित्र येतं. मध्यभागी लाल रंगात भला मोठा आकडा असतो, २०. खाली दोन ओळी: ‘जीएसटी रिटर्नची अंतिम तारीख २०. विलंब शुल्क टाळा, आजच संपर्क साधा.’ दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, मालाचा टेम्पो दारात लागलेला असतो. दुकानदार आकडा पाहतो, अजून सतरा दिवस आहेत असं मनाशी म्हणतो आणि फोन गल्ल्यावर ठेवतो.

त्या चित्रात चुकीचं काहीच छापलेलं नाही. मासिक रिटर्न भरणाऱ्याला जीएसटीआर-३बी हे रिटर्न पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावं लागतं, हे खरंच आहे. पण दुकानदाराने स्वतः हात हलवायचा दिवस त्याच्या कितीतरी आधी येतो. तो चित्राखालच्या मजकुरात नसेल, तर आठवण मिळूनही काम वेळेवर होत नाही. करसल्लागारांच्या कार्यालयात १८, १९ आणि २० तारखेला जी धावपळ चालते, तिचं मूळ बऱ्याचदा या दोन ओळींत असतं.

एका महिन्याचा हिशेब नीट मांडला की हे लक्षात येतं. समजा, सांगलीत पाइप आणि फिटिंगचं एक दुकान आहे. वर्षाची उलाढाल सव्वा कोटीच्या आसपास. जून महिन्यात दहा लाखांची विक्री झाली. त्यावर १८ टक्क्यांनी एक लाख ऐंशी हजार रुपये कर झाला. महिन्याभरात जो माल खरेदी केला, त्याच्या बिलांवर दीड लाख रुपये कर आधीच दिलेला आहे. तो वजा जातो आणि रोख भरायचे ३० हजार उरतात. दुकानदार मनात हेच ३० हजार धरून बसलेला असतो.

आता ११ जुलै. या तारखेपर्यंत जूनमधल्या विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पोर्टलवर चढवायचा असतो. यात कर भरायचा नसतो, म्हणून अनेकांना ही तारीख हलकी वाटते. या दुकानातून जूनमध्ये एका बांधकाम ठेकेदाराने दोन लाखांचा माल उचलला आणि त्यावर ३६ हजार कर दिला. दुकानाचा जीएसटीआर-१ अकरापर्यंत गेला, तर १४ जुलैला पोर्टल ठेकेदारासाठी जीएसटीआर-२बी नावाचा जो तक्ता तयार करतं, त्यात हे ३६ हजार दिसतात आणि ठेकेदार ते आपल्या करातून वजा करतो. दुकानाने तेच काम १६ जुलैला केलं, तर ठेकेदाराच्या जूनच्या तक्त्यात ही रक्कम येत नाही. ती थेट १४ ऑगस्टला, जुलैच्या तक्त्यात उगवते. जानेवारी २०२२ पासून कायदाच असा आहे की विक्रेत्याने बिल पोर्टलवर दाखवलं आणि ते खरेदीदाराच्या तक्त्यात आलं, तरच त्याला त्या कराची वजावट मिळते. हातात छापील बिल असून भागत नाही. ठेकेदाराला जुलैत ३६ हजार खिशातून भरावे लागतात. मग तो दुकानदाराला फोन करतो आणि सरळ सांगतो, “शेठ, तुमचं बिल दोन-बीत दिसेपर्यंत जीएसटीची रक्कम देत नाही.”

म्हणजे पाच दिवसांच्या उशिराने दुकानदाराचे ३६ हजार रुपये महिनाभर अडकले. व्यापाऱ्यांना आठवण करून देताना ‘दंड लागेल’ यापेक्षा ‘तुमच्या पार्टीला क्रेडिट मिळणार नाही’ हे वाक्य जास्त पटतं, ते याच अनुभवामुळे. विलंब शुल्क काही शेकड्यांत मोजता येतं. नियमित गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, तर त्याचा हिशेब लावता येत नाही.

अकरा तारखेला तपशील पोर्टलवर जायचा, तर सल्लागाराच्या हातात बिलं पाचपर्यंत यायला हवीत. ‘बिलं पाठवा’ एवढंच लिहिलं की फोनवर चाळीस फोटो येतात. त्यातले काही तिरके असतात, काहींवर बोटाची सावली पडलेली असते आणि एखाद्यावरचा जीएसटी क्रमांक घडीत गेलेला असतो. काय हवंय ते नेमकं सांगावं लागतं. जीएसटी क्रमांक असलेल्या पार्ट्यांची बिलं एकेक करून हवीत. किरकोळ गिऱ्हाइकांची विक्री कराच्या दरानुसार एकत्र चालते. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट्स हव्यात. रद्द केलेल्या बिलांचे क्रमांकही हवेत, कारण महिन्यात कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत बिलं फाडली आणि त्यातली किती रद्द झाली, हे जीएसटीआर-१मध्ये दाखवावं लागतं. दुकानात टॅलीसारखं सॉफ्टवेअर असेल, तर विक्रीचा अहवाल एक्सेलमध्ये काढून पाठवणं सगळ्यात चांगलं. आकडे पुन्हा टंकायची वेळ आली की एका पार्टीऐवजी दुसरीचाच पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक पडतो, बिल भलत्याच्याच खात्यात जाऊन बसतं आणि खऱ्या खरेदीदाराला ते दिसतच नाही.

एखादं बिल राहून गेलं, तर ते जोडायला जुलै २०२४च्या विक्रीपासून जीएसटीआर-१ए हा अर्ज मिळाला आहे. ३बी भरण्यापूर्वी तो भरता येतो. पण त्यातून जोडलेलं बिल खरेदीदाराच्या पुढच्या महिन्याच्या तक्त्यात जातं. विक्रेत्याचा हिशेब बरोबर होतो, खरेदीदार मात्र महिनाभर थांबतोच.

१४ तारखेनंतर दुकानदाराची बाजू उलटते. आता तो स्वतः खरेदीदार असतो. सांगलीच्या या दुकानाचा जूनचा दोन-बी तक्ता उघडला, तेव्हा त्यात दीड लाखाऐवजी एक लाख बत्तीस हजारच दिसले. खरेदीच्या नोंदींशी ओळीने ताडून पाहिलं, तर एका पुरवठादाराचं एक लाखाचं बिल गायब होतं. त्यावरचे १८ हजार रुपये कर दुकानदाराने दिलेले होते, पण पुरवठादाराने आपला जीएसटीआर-१ वेळेत भरला नव्हता. ते १८ हजार या महिन्यात वजा करता येत नाहीत. रोख भरायची रक्कम ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेली.

ही बातमी १५ तारखेला कळली, तर पैशांची सोय करायला पाच दिवस मिळतात. २० तारखेला संध्याकाळी कळली, तर पळापळ होते. पोर्टलवर ३बी अर्धवट रकमेवर भरता येत नाही. पूर्ण देणं चुकतं केल्याशिवाय ‘फाइल’ करायचं बटण पुढे जातच नाही. त्यात उधारीचा प्रश्न असतो. कर बिलावर लागतो, वसुलीवर नाही. गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत, जूनच्या बिलाचा कर जुलैतच भरायचा असतो.

अशा अडचणीत एक गोष्ट माहीत असावी. २०२४ साली व्याजाच्या नियमात एक सोयीची दुरुस्ती झाली. कराची रक्कम चलनाने २० तारखेपर्यंत पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात जमा करून ठेवली आणि रिटर्न काही कारणाने पुढे चार दिवसांनी भरलं, तर त्या जमा रकमेवर व्याज लागत नाही. विलंब शुल्क मात्र लागतं. म्हणून ओटीपी अडकला, कागद राहिला किंवा मालक गावाला गेला, तरी चलन थांबवू नये. पैसे बँकेतून निघाले आणि रोख खात्यात उमटले, हे पाहायलाही वेळ लागतो. एनईएफटीने भरलेलं चलन लगेच दिसेलच असं नाही. त्यामुळे मजकुरात चलनाची तारीख १८ अशी लिहिलेली बरी.

चलन भरताना पैसे कोणत्या रकान्यात जातात, तेही पाहावं लागतं. सांगलीच्या दुकानाची सगळी विक्री महाराष्ट्रातली, म्हणून ४८ हजारांतले निम्मे केंद्राच्या सीजीएसटीत आणि निम्मे राज्याच्या एसजीएसटीत जायला हवेत. घाईत कुणी ते आयजीएसटीच्या रकान्यात भरतं. पैसे बुडत नाहीत, पीएमटी-०९ या अर्जाने रकान्यातून रकान्यात हलवता येतात. पण २० तारखेच्या रात्री हा घोळ लक्षात आला, तर आधी घाम फुटतो.

आता उशीर झाला तर काय, ते पाहू. हेच रिटर्न ५ ऑगस्टला भरलं, म्हणजे सोळा दिवस उशिरा. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, त्यात २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. सोळा दिवसांचे ८०० रुपये झाले. रोख खात्यात आधी पैसे ठेवले नव्हते, म्हणून ४८ हजारांवर वार्षिक १८ टक्क्यांनी सोळा दिवसांचं व्याज सुमारे ३७९ रुपये. एकूण ११७९. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्याला एका रिटर्नचं विलंब शुल्क २००० रुपयांच्या वर जात नाही. ते रोखच भरावं लागतं, खरेदीवरच्या क्रेडिटमधून वळतं करता येत नाही.

बाराशेच्या आतली ही रक्कम पाहून अनेक व्यापारी निवांत होतात आणि तिथेच फसतात. जूनचं ३बी ११ ऑगस्टपर्यंतही भरलं नाही, तर पोर्टल जुलैचा जीएसटीआर-१ स्वीकारत नाही. मग जुलैमध्ये माल घेतलेल्या प्रत्येक पार्टीचं क्रेडिट थांबतं. जूनमध्ये एक ठेकेदार रागावला होता, आता सगळेच फोन करू लागतात. सलग दोन महिन्यांची ३बी राहिली, तर ई-वे बिल काढण्याची सोय बंद होते. महाराष्ट्रात राज्यांतर्गत एक लाखावरच्या मालाला ते लागतं. पाइपची गाडी भरलेली असते आणि निघता येत नाही. सलग सहा महिने रिटर्न नाही भरलं, तर नोंदणीच रद्द होऊ शकते. एका वीस तारखेकडे केलेलं दुर्लक्ष असं महिन्यामागून महिना वाढत जातं.

विक्री झाली नाही म्हणून गप्प बसणारे व्यापारी हा वेगळाच गट आहे. पावसाळ्यात दुकान बंद ठेवणारे किंवा घरच्या आजारपणामुळे महिनाभर शटर न उघडलेले, यांना वाटतं की व्यवहार नाही तर रिटर्न कशाला. नोंदणी चालू आहे तोवर शून्याचं, म्हणजे निल रिटर्नही भरावंच लागतं. त्याला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये शुल्क आहे. हे काम तर साध्या एसएमएसनेही होतं. नोंदणीकृत मोबाइलवरून १४४०९ या क्रमांकावर पाठवायच्या संदेशाचा साचा असा असतो, जून २०२५चं रिटर्न धरून:

```
NIL 3B <GSTIN> 062025
```

उलट उत्तरात एक संकेतांक येतो. तो कळवून खात्री दिली की रिटर्न दाखल होतं. ज्या महिन्यात खरेदी-विक्री, क्रेडिट किंवा देणं यातलं काहीही नाही, त्याच महिन्यासाठी हा रस्ता आहे. एखादं खरेदी बिल असेल तर तो वापरू नये.

तारखांचा घोळ आणखी एका ठिकाणी होतो. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना जानेवारी २०२१ पासून रिटर्न तिमाही आणि कर दरमहा असा पर्याय आहे. त्यांच्या तारखा वेगळ्या. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत कर २५ तारखेपर्यंत भरायचा. आपल्या पार्ट्यांना क्रेडिट मिळावं म्हणून त्या महिन्यांतली बिलं १३ तारखेपर्यंत दाखवता येतात. तिमाही संपल्यावर जीएसटीआर-१ची तारीख १३ आणि महाराष्ट्र-गोव्यात ३बीची २२. एकाच सल्लागाराच्या यादीत मासिकवाले आणि तिमाहीवाले दोघे असतात. दोघांना एकच चित्र पाठवलं की मासिकवाला कुठून तरी २२ ऐकून दोन दिवस निर्धास्त राहतो, किंवा तिमाहीवाला उगाच घाबरतो. म्हणून मजकुराच्या पहिल्या ओळीतच हे कुणासाठी आहे ते आलं पाहिजे. याद्याही दोन हव्यात.

जुना मजकूर पुढे ढकलत राहण्याचाही धोका आहे. जीएसटीच्या तारखा अधूनमधून बदलतात आणि बदलाची कारणं तऱ्हेतऱ्हेची असतात. नोव्हेंबर २०२४मध्ये विधानसभेचं मतदान नेमकं २० तारखेला आलं, म्हणून महाराष्ट्र आणि झारखंडसाठी ३बीची मुदत २१ झाली. जानेवारी २०२५मध्ये पोर्टलच अडखळलं, तेव्हा जीएसटीआर-१ ११ऐवजी १३पर्यंत आणि मासिक ३बी २२पर्यंत भरता आलं. ऑगस्ट २०२५मध्ये मुसळधार पावसामुळे मुदत २७ तारखेपर्यंत वाढली, पण फक्त मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, रायगड आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्याच वर्षी २० ऑक्टोबर ऐन दिवाळीत आली आणि ३बीची तारीख २५ झाली. वाढीव मुदतीची अधिसूचना कधीकधी शेवटच्या एक-दोन दिवसांत, अगदी त्याच दिवशीही निघते.

पावसाचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ठाण्याच्या पाहुण्याने पाठवलेला ‘तारीख २७ झाली’ हा संदेश सांगलीच्या दुकानदाराने वाचून रिटर्न थांबवलं असतं, तर सात दिवसांचं शुल्क त्याच्या नावावर बसलं असतं. मुदत वाढली असं कळवताना कोणत्या महिन्याचं रिटर्न, कोणता अर्ज आणि कोणते जिल्हे किंवा राज्य, ही तिन्ही माहिती एकाच वाक्यात यायला हवी. अधिसूचना निघेपर्यंत ‘वाढणार आहे म्हणे’ असं काहीही लिहू नये. आणि २० तारखेला रविवार आला, तरी पोर्टल आपणहून सोमवार धरत नाही.

एवढं सगळं एका छोट्या मजकुरात कसं बसवायचं? फोनवर लांबलचक मजकूर आला की पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. दुकानात उभा असलेला माणूस बहुधा दाबत नाही. त्यामुळे जे करायचं ते वर आणि कायद्याचं सगळं खाली. चित्रावरचा मोठा आकडाही बदलावा. २०च्या जागी ५ छापावा, कारण पाच तारखेचं काम दुकानदाराचं आहे आणि वीस तारखेचं बरंचसं सल्लागाराचं. सांगलीच्या दुकानासारख्या मासिक ग्राहकाला १ जुलैला पाठवायचा मजकूर साधारण असा होईल:

‘जूनचा जीएसटी, मासिक रिटर्नवाल्यांसाठी. विक्रीची बिलं, क्रेडिट नोट आणि रद्द बिलांचे नंबर ५ जुलैपर्यंत पाठवा. ११ जुलैला विक्री दाखवली नाही, तर तुमच्या पार्टीला या महिन्यात क्रेडिट मिळणार नाही. खरेदीची बिलंही सोबत द्या, १५ला भरायची रक्कम कळवू. चलन १८पर्यंत. रिटर्न २०पर्यंत. विक्री नसेल तर फक्त “निल” एवढं लिहा.’

यात कलमं नाहीत, नियमांचे क्रमांक नाहीत आणि एकाही ओळीत दुकानदाराला धमकावलेलं नाही. प्रत्येक तारखेपुढे कुणी काय करायचं ते आहे. ‘निल’ लिहून मागितल्यामुळे गप्प राहणारा आणि खरंच विक्री नसलेला, असे दोन वेगळे ग्राहक सल्लागाराला सहाव्या दिवशीच ओळखता येतात.

१५ तारखेचा दुसरा संदेश मात्र गटात टाकू नये. त्यात भरायची रक्कम असते, आणि एकाच पेठेतले दोन दुकानदार एकमेकांची उलाढाल त्यावरून ताडू शकतात. तो ज्याचा त्यालाच जावा. पैसे भरण्याची कुठलीही अनोळखी लिंक त्यात देऊ नये. चलन पोर्टलवरच तयार होतं आणि त्यावर स्वतःचा क्रमांक असतो, तोच कळवावा. ओटीपी लागणार असेल, तर कोणत्या दिवशी आणि किती वाजता फोन येईल ते आदल्या दिवशी सांगून ठेवावं. एकट्या मालकीचं दुकान असेल तर रिटर्न बहुधा मालकाच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीनेच दाखल होतं, आणि तो मोबाइल २० तारखेला मुलाकडे कॉलेजात असला की सगळं तयार असून रात्र होते.

सांगलीच्या दुकानदाराला १५ जुलैला असाच संदेश गेला: रोख ४८ हजार, त्यातले १८ हजार पुरवठादाराचं बिल न दिसल्यामुळे, बिलाचा क्रमांक आणि तारीख सोबत. त्याने आधी पुरवठादाराला फोन लावला. पुरवठादाराने दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, आपला जीएसटीआर-१ भरला. जूनसाठी त्याचा उपयोग झाला नाही. ४८ हजारांचं चलन १८ला गेलं, रिटर्न १९ला दाखल झालं आणि १४ ऑगस्टच्या तक्त्यात ते १८ हजार आले. जुलैच्या करातून तेवढे कमी भरावे लागले. पुढच्या महिन्यापासून त्या पुरवठादाराला माल सांगताना दुकानदार आधी विचारतो, गेल्या महिन्याचं वन भरलं का?